उत्तरापुरती जागा

व्हॉइस नोट हा प्रकार मला पहिल्यापासून आवडत नाही. पाचोडची माझी मावशी रोज सकाळी एक पाठवते. त्यात ती आधी कोंबड्या हाकलते, मग मिक्सर थांबायची वाट बघते, मधेच सुनेला दोन शब्द सुनावते आणि शेवटी "कशापायी लावला हुता गं मी?" असं मलाच विचारून ठेवून देते. मी ती दुप्पट वेगानं ऐकते. तिला हे कळलं तर ती माझं तोंड बघणार नाही.

मी शाळेत मराठी शिकवते, त्यामुळं लिहिण्याची बाजू घेणं हा माझा पोटापाण्याचाच भाग आहे. लिहिलेलं एका नजरेत वाचता येतं, चार लोकांत बसूनही वाचता येतं, महिन्यानं शोधलं तरी सापडतं. आवाजात काय दडलंय ते पूर्ण ऐकल्याशिवाय कळत नाही. शहरातल्या, हर्सूलच्या आमच्या घरी मी हे व्याख्यान सगळ्यांना दिलेलं आहे. माझा धाकटा भाऊ मात्र म्हणायचा, "अक्का, तू लिहितेस तेव्हा शाळेची नोटीस आल्यासारखं वाटतं. जरा बोलून पाठवत जा."

भाऊ फौजेत आहे. कुठं आहे ते आम्हाला नीटसं माहीत नसतं, विचारायचंही नसतं. उंचावर आहे, थंडी आहे, एवढंच. तिथं फोनला रेंज नाही. ड्यूटी बदलली की तो खालच्या ठाण्यावर येतो आणि तिथं थोडा वेळ फोन लागतो. तेवढ्यात साठलेले निरोप एकदम येऊन पडतात. आम्ही पाठवलेल्या निरोपापुढं तोवर एकच टिकमार्क दिसत राहतो. दोन झाले की त्याच्या फोनवर पोचलं, निळे झाले की त्यानं उघडलं. व्हॉइस नोटला आणखी एक खूण असते, छोट्या माईकची. ती राखाडी असेल तर अजून ऐकलेलं नाही, निळी झाली की ऐकलं. छावणीच्या बाजारात भाजी घेताना हिरव्या कपड्यातली पोरं दिसली की मी हमखास फोन काढून त्या खुणा बघायचे. भाजीवाला पिशवी धरून उभा राहायचा.

आबा गेले तेव्हाही भावाला असाच निरोप पाठवावा लागला होता. आबा म्हणजे आमचे वडील. आमच्याकडं मृत्यूची बातमी कुणी सरळ देत नाही. माणूस गेलेला असतो, अंगणात लोक जमलेले असतात, तरी लांबच्या लेकराला "तब्येत जास्त आहे, निघून ये" एवढंच कळवायचं. वाटेत त्यानं धीर सोडू नये, हा त्यामागचा हेतू. पिढ्यान्‌पिढ्या चाललंय आणि त्यात प्रेमच आहे, हे मला मान्य आहे. काकांनी भावाला तेवढंच लिहिलं. फोनवर बोलले असते तर आवाजानंच सगळं सांगितलं असतं, म्हणून मुद्दाम लिहिलं. लिहिलेल्यात लपवता येतं, हा लिहिण्याचा तोटा मी शाळेत कधी शिकवला नव्हता.

भाऊ दोन-अडीच दिवस प्रवास करून आला. वाटेत एका स्टेशनावर त्यानं आबांसाठी गरम शाल घेतली होती. गावाच्या फाट्यावर उतरला, ती शाल हातात घेऊन चालत आला आणि घरासमोर पांढऱ्या टोप्या घालून बसलेली माणसं त्यानं लांबूनच पाहिली. शाल कुणाच्या हातात द्यावी ते त्याला कळेना. तो कुणावर ओरडला नाही. परत जायच्या दिवशी मला म्हणाला, "अक्का, पुन्हा असं झालं तर तू लिही. आणि खरं लिही. अख्ख्या वाटेनं मी आबांशी काय काय बोलायचं ते ठरवत होतो." मी शब्द दिला.

त्यानंतर काही वर्षांनी माय आजारी पडली. आईला आम्ही माय म्हणतो. ती गावीच राहायची, पाचोडच्या अलीकडं आमची मोसंबीची बाग आहे तिथं. एका आठवड्यात तिला चालताना दम लागायला लागला, मग बसल्याजागी, मग झोपल्यावरही. काकांनी तिला गाडीत घालून शहरात आणलं. डॉक्टरांनी सांगितलं, हृदय थकलंय, फुफ्फुसात पाणी साठतंय. औषधानं पाणी उतरलं तर ठीक, नाहीतर श्वासासाठी घशात नळी घालावी लागेल. "नळी घातली की त्यांना बोलता येणार नाही," ते म्हणाले, "कुणाला भेटायचं-बोलायचं असेल तर आत्ताच."

काका दवाखान्याच्या पायरीवर बसले होते. म्हणाले, "पोराला लिही, मायची तब्येत जास्त हाय, ये म्हणावं. बाकी कशाला?"

"काका, तेच तर आबांच्या वेळी लिहिलं होतं," मी म्हणाले. "आता हे वाक्य वाचलं की तो माय गेलीच असं धरून चालेल."

खरंच, त्या वाक्याचा आता काही उपयोग उरला नव्हता. ते एकदा खोटं ठरलं होतं आणि आता खरं असूनही कामाचं नव्हतं.

मी दवाखान्याच्या मागं, जिथं गाड्या लावतात तिथं गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा मनापासून व्हॉइस नोट करायला घेतली. लिहिलेलं त्याला नोटीस वाटतं ना, मग बोलूया. बोटानं माईक दाबून वर सरकवला, म्हणजे बोट सोडलं तरी रेकॉर्डिंग चालू राहतं. बोलले. पाठवण्याआधी ऐकता येतं, तसं ऐकलं. आधी माझा श्वास. मग "हे बघ, घाबरू नकोस." मग हुंदका. मग मायनं आदल्या दिवशी काय खाल्लं ते. माय जिवंत आहे हे वाक्य पार शेवटी आलं होतं. तोवर त्यानं, चार जवानांच्या मधे बसून, बहिणीचं रडणं ऐकायचं आणि काय ते समजून घ्यायचं. शिवाय आवाजाची फाईल. खालच्या ठाण्यावरची रेंज गेली तर गोल गोल फिरत बसणार. आणि सुट्टी मागताना साहेबाला काय ऐकवणार, माझा हुंदका? मी ती नोट पुसून टाकली.

मग माझ्या पद्धतीनं लिहिलं. "माय जिवंत आहे, शुद्धीवर आहे, बोलते आहे. पण आजार मोठा आहे. डॉक्टर म्हणतात जवळच्यांना बोलवा. हृदय थकलंय, फुफ्फुसात पाणी आहे. श्वासासाठी नळी घालावी लागू शकते, मग तिला बोलता येणार नाही. तू यावंस असं मला वाटतं. मी काही लपवलेलं नाही." त्याखाली वेगळ्या निरोपात दवाखान्याचं नाव, डॉक्टरांचा नंबर आणि भरती केल्याची तारीख टाकली, साहेबाला दाखवता येईल असं. नोटीस तर नोटीस. पहिलं वाक्य मी तीनदा बदललं, कारण निरोप आला की पडद्यावरच्या पट्टीत तेवढंच दिसतं आणि बाकीचं उघडेपर्यंत माणूस त्यावरच जगतो.

निरोपापुढं एकच टिकमार्क होता.

मग मी मायजवळ गेले. तिच्या नाकाला ऑक्सिजन होता आणि ती पडद्यापलीकडच्या बाईच्या सुनेला नावं ठेवत होती. म्हटलं, "माय, त्याला तुझा आवाज पाठवू. बोल."

"लावला व्हय फोन?"

"फोन नाही. तू बोल, ते साठवून ठेवते. तो नंतर ऐकेल."

"नंतर?" तिनं माझ्याकडं असं पाहिलं की माझ्या बी.एड.ची मला शंका आली. "मग आत्ता मी कुणासंगट बोलू?"

मी दोन-तीन प्रकारे समजावलं. शेवटी ती "बरं बाई" म्हणाली आणि तिला येत होतं तसं बोलली. म्हणजे फोनवर बोलतात तसं. हॅलो म्हणाली. "कसा हाईस?" विचारलं आणि थांबली. त्यानं उत्तर द्यायला जेवढा वेळ लागेल तेवढी थांबली. मग "बरं" म्हणाली. "जेवला का?" पुन्हा थांबली. "तिकडं लई थंडी असंल. पायमोजे घालून निजत जा." थांबली. "मला काय धाड भरलीय? जरा दम लागला हुता, आता समदं बरं हाय. अक्काला बाऊ करायची सवयच हाय. तू घाई करू नगं. सावकाश ये." मग बराच वेळ थांबली. पलीकडं ट्रे पडल्याचा आवाज आला. "बरं. काय हरकत नाय," ती म्हणाली. शेवटी "ठिवते मग," आणि लगेच, "बोल की काहीतरी. ह्यो का बोलंना गं?" माझा आवाज येतो, "माय, तो नंतर बोलेल," आणि नोट संपते.

मला वाटलं पुन्हा घ्यावं, मधल्या मोकळ्या जागा न ठेवता. पण तिला धाप लागली होती. राहू दिलं.

नोट तशीच पाठवायला बोट पुढं केलं आणि थांबले. फौजीची आई कधीच आजारी नसते. गेली कित्येक वर्षं माय त्याला "इकडं समदं बरं हाय" एवढंच सांगत आली होती आणि आत्ताही, नाकाला ऑक्सिजन असताना, आवाजात कुठून एवढा जोर आणला देव जाणे, तेच सांगत होती. मी लिहिलेलं एका पारड्यात आणि मायचा हा खणखणीत आवाज दुसऱ्यात, तर तो कशावर विश्वास ठेवील? कुणीही आवाजावरच ठेवील. म्हणेल, अक्का घाबरट आहे, माय तर सावकाश ये म्हणतेय. आणि पुढच्या महिन्यात सुट्टी टाकील. खरी माहिती अक्षरात होती आणि खोटी माहिती सगळ्यात खऱ्या आवाजात. मी ती पाठवली नाही. तो निघाल्यावर पाठवू असं ठरवलं. तो येईल, माय बोलत असेल, मग नोटेचं काय काम, असाही एक विचार मनात होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी टिकमार्क दोन झाले, मग निळे. मी वर्गात होते. मुलांना निबंध लिहायला बसवून बाहेर आले. त्याचं उत्तर आलं, "निघालो. साहेबांना वाचायला दिलं. माय बोलतेय ना?" मी लिहिलं, "बोलतेय." ते तेव्हा खरं होतं, म्हणून नोट पाठवायची मी तशीच ठेवली.

संध्याकाळी मायला सांगितलं की तो निघाला. "कशाला सांगितलंस त्याला?" म्हणून ती रागावली. थोड्या वेळानं नर्सला म्हणाली, "बाई, माझी येणी घालून देता का? लेकरू यायचंय." मी घातली वेणी. केस इतके कमी राहिले होते की ती शेवटी शेवटी सुटत होती.

पहाटे तिचा श्वास बिघडला आणि नळी घालावी लागली. त्यानंतर ती बोलली नाही. दिवसभर माझा हात धरून होती. पकड कधी घट्ट व्हायची, कधी सैल. भाऊ गाडीत होता, मधेमधे रेंज यायची, तो विचारायचा, मी लिहायचे, "नळी घातली. शुद्ध कमी आहे. आहे." दर वेळी शेवटी "आहे" लिहायचे. त्याच्या पुढच्या सकाळी, ऊन खिडकीत आलं तेव्हा, माय गेली.

भाऊ अजून अर्ध्या वाटेवर होता.

काका म्हणाले, "आता काय कळवू नगं. येऊ दे. गाडीत एकला हाय पोरगा. असं सांगतात व्हय परवासात?"

मला त्यांचं म्हणणं कळत होतं. एक दिवस तरी त्याची आई जिवंत राहू दे, असंच ते म्हणत होते. मलाही तेच हवं होतं. पण हातात शाल घेऊन फाट्यावरून येणारा माझा भाऊ मला दिसत होता. काकांना म्हटलं, "मी शब्द दिलाय." ते उठून पायरीवर जाऊन बसले.

फोन लावला. आवाक्याबाहेर. पुन्हा लावला, तेच. असल्या गोष्टीला फोनसारखं काही नाही, दोन्ही बाजूंनी रडता येतं, पण तो लागत नव्हता. बोलून पाठवावं तर माझा पहिलाच श्वास सगळं सांगून जाणार, आणि तो ऐकणार कुठं? भरल्या डब्यात, फोन मोठ्यानं वाजवत, समोर कुणाची तरी मुलं बिस्किटं खातायत. लिहिलेलं त्याला एका नजरेत कळेल. तो फोन खिशात ठेवील, खिडकीकडं तोंड करील. त्याच्या चेहऱ्याला तेवढी मोकळीक लिहिलेलंच देऊ शकत होतं.

"माय आज सकाळी गेली," मी लिहिलं. "तिचा हात माझ्या हातात होता. त्रास झाला नाही असं डॉक्टर म्हणाले. आम्ही तुझ्यासाठी थांबलोय, अग्नी तूच द्यायचा. धावपळ करू नकोस, जपून ये. वाचलंस की नुसता अंगठा टाक, बोलायची गरज नाही."

आणि मग मी ती नोट पाठवली. आता ती कुणाला रोखू शकत नव्हती. आधी वर लिहिलं, "खाली मायचा आवाज आहे. दवाखान्यात बोलली होती, तुझ्यासाठी. रडणं नाही त्यात. एकटा असशील तेव्हा फोन कानाला लावून ऐक." हे लिहायलाच हवं होतं. नाहीतर काय आहे बघू म्हणून तो दाबणार आणि मेलेली आई डब्यात हॅलो म्हणणार.

दुपारी अंगठा आला. माईकची खूण राखाडीच राहिली.

आम्ही मायला गावी नेलं, बर्फाची पेटी मागवली. तो दुसऱ्या दिवशी उतरला. या वेळी त्याच्या हातात काही नव्हतं. सरळ आत गेला, पेटीजवळ बसला. रडणं त्यानं वाटेत बरंचसं उरकलं असावं. पण एकच गोष्ट तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, येणाऱ्या प्रत्येक माणसाला म्हणत होता, "मला उशीर झाला." सावडायला गेलो तेव्हाही म्हणाला. मी त्याला गाड्यांच्या वेळा दाखवल्या, साहेबानं लगेच सोडलं हे त्याचं त्यालाच सांगितलं. त्यानं मान हलवली आणि रात्री जेवताना पुन्हा म्हणाला, "अक्का, उशीर झाला मला." समजावून सांगणं हा माझा धंदा, पण हे काही समजावता येईना. मी रोज गुपचूप फोन बघायचे. माईक राखाडीच.

दहावा झाला त्या दुपारी घर जरा रिकामं झालं. त्याचा चहा घेऊन मी बागेत गेले. मोसंबीच्या ओळीपलीकडं विहिरीच्या कट्ट्यावर तो पाठमोरा बसला होता, फोन कानाला लावून. फोन कानाशी धरला की आवाज फक्त धरणाऱ्यालाच येतो, त्यामुळं मला त्याचंच बोलणं ऐकू येत होतं. वाटलं, ठाण्यावरून फोन असेल. मी चहा घेऊन थांबले.

"बरा हाय," तो म्हणाला.

थोडा थांबला. "व्हय, जेवलो."

फोन ठाण्यावरून नव्हता. मायचं पुढचं बोलणं मला पाठ होतं. पायमोजे. "घालतो," तो म्हणाला. मग तो बराच वेळ ऐकत राहिला. तिला काय धाड भरलीय, अक्काला बाऊ करायची सवय, घाई करू नगं, सावकाश ये. मग तिनं ठेवलेली ती सगळ्यात मोठी मोकळी जागा आली असणार.

"माय, मला उशीर झाला," तो म्हणाला.

आणि पलीकडून ती काय म्हणाली ते मला माहीत होतं. बरं. काय हरकत नाय.

त्याची पाठ हलायला लागली. मी पुढं गेले नाही. नोटेत आता काय राहिलं होतं? ठिवते मग. बोल की काहीतरी. मग माझा आवाज, आणि संपलं.

"बोलतो की, माय," तो म्हणाला, आणि गाडीत कोण कोण भेटलं, डोंगरावर बर्फ कसा पडतो, कुठल्या स्टेशनावर माझा निरोप वाचला, सगळं सांगू लागला. नोट केव्हाच संपली होती. तो फोन कानाला लावून बोलत राहिला.